ग्राफच्या स्लोपला प्लस-मायनस कसं लावायचं: मॅक्स आणि मिन लाइनची पद्धत, लंबकाच्या ग्राफवर

लंबकाचा म्हणजे सिंपल पेंड्युलमचा ग्राफ बहुतेकांनी कधी ना कधी काढलेला असतो, आडव्या अक्षावर लांबी L, उभ्या अक्षावर T², मधून एक सरळ रेष, तिचा स्लोप काढायचा आणि त्यावरून g. उत्तर ९.७५ आलं की जर्नलमध्ये लिहायचं आणि सही घ्यायची. पण व्हायवाला कोणी विचारलं की हे ९.७५ कितपत पक्कं, म्हणजे ९.७ ते ९.८ च्या मधलं आहे की ९ ते १०.५ च्या मधलं, तर तिथे गाडी अडते. स्लोप हा काही स्टॉपवॉचवर दिसलेला आकडा नाही की त्याचा लीस्ट काउंट बघून मोकळं व्हावं, तो सहा-सात रीडिंगमधून मिळून निघालेला असतो, त्यामुळे त्याची अनसर्टन्टी काढायला थोडी वेगळी युक्ती लागते. ती युक्ती म्हणजे मॅक्सिमम आणि मिनिमम स्लोपच्या रेषा. IB मध्ये आणि केंब्रिजच्या ए-लेव्हलला ही पद्धत मार्कांसाठी येतेच, आपल्याकडे बीएस्सीच्या लॅबमध्येही कामाला येते, आणि पेन्सिल-पट्टी एवढ्यावर होते.

कल्पना सोपी आहे. प्रत्येक बिंदू हा खरं तर बिंदू नसून एक छोटी उभी काडी आहे, एरर बार, म्हणजे खरी किंमत या काडीत कुठेतरी आहे असं आपण म्हणतोय. मग या सगळ्या काड्यांना शिवत जाणाऱ्या रेषा एकच नाही, बऱ्याच निघतात. त्यातली सगळ्यात उभी कोणती आणि सगळ्यात आडवी कोणती ते शोधायचं, दोघींचे स्लोप काढायचे, आणि त्यांच्यातल्या फरकाचा अर्धा भाग म्हणजे स्लोपची अनसर्टन्टी. एवढंच. पण "सगळ्या काड्यांना शिवत" हे जे तीन शब्द आहेत तिथेच निम्म्याहून जास्त लोक चुकतात, म्हणून एक पूर्ण उदाहरण करूनच बघू.

आधी एरर बार, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे

समजा आपण धाग्याची लांबी ०.४० मीटरपासून ०.९० मीटरपर्यंत दहा-दहा सेंटिमीटरने वाढवत नेली, लांबी टांगलेल्या जागेपासून बॉबच्या मध्यापर्यंत मोजली, आणि प्रत्येक लांबीला १० आंदोलनांचा वेळ तीनदा घेतला. ०.७० मीटरला तीन रीडिंग आली १६.७, १६.९ आणि १७.१ सेकंद. सरासरी १६.९. आता यात प्लस-मायनस किती? स्टॉपवॉच ०.०१ सेकंद दाखवतं म्हणून ०.०१ लिहिणारे खूप जण असतात, पण घड्याळ कितीही बारीक असलं तरी बटण दाबणारा अंगठा आपलाच आहे, सुरू करताना थोडं इकडेतिकडे आणि थांबवताना थोडं इकडेतिकडे. तीन रीडिंगच सांगतायत की खरा खेळ किती आहे: सगळ्यात मोठं वजा सगळ्यात लहान म्हणजे ०.४, त्याचं अर्धं ०.२ सेकंद. बाकीच्या लांब्यांनाही साधारण एवढंच आलं तर सगळ्यांना ±०.२ सेकंद धरून चालेल.

हे ±०.२ दहा आंदोलनांचं आहे. एका आंदोलनाला दहाने भागलं की ±०.०२ सेकंद. पण ग्राफवर आपण T नाही, T² काढतोय, तर तिथली अनसर्टन्टी पण बदलायला हवी, आणि ती अशी:

ΔT² = २ × T × ΔT

म्हणजे ०.७० मीटरला T = १.६९, तर २ × १.६९ × ०.०२ = ०.०६८, म्हणजे ०.०७. लक्षात घ्या की T मोठा होत जाईल तसा बार पण लांब होत जातो, वेळेतली चूक सगळीकडे सारखी असली तरी. सगळ्या बिंदूंना एकाच मापाचा बार काढून मोकळं होऊ नका.

सगळं मांडलं की असं दिसतं:

| L (मी) | १० आंदोलनं (से) | T (से) | T² (से²) | बार ± | बार कुठून कुठे |
|---|---|---|---|---|---|
| ०.४० | १२.६ | १.२६ | १.५९ | ०.०५ | १.५४ ते १.६४ |
| ०.५० | १४.३ | १.४३ | २.०४ | ०.०६ | १.९८ ते २.१० |
| ०.६० | १५.५ | १.५५ | २.४० | ०.०६ | २.३४ ते २.४६ |
| ०.७० | १६.९ | १.६९ | २.८६ | ०.०७ | २.७९ ते २.९३ |
| ०.८० | १८.० | १.८० | ३.२४ | ०.०७ | ३.१७ ते ३.३१ |
| ०.९० | १९.० | १.९० | ३.६१ | ०.०८ | ३.५३ ते ३.६९ |

शेवटचा कॉलम जर्नलमध्ये कोणी मागत नाही पण तो करून ठेवाच, पुढे रेष तपासताना प्रत्येक वेळी बेरीज-वजाबाकी करत बसावं लागत नाही.

आडवे बार का नाहीत असं कोणी विचारेल. लांबी मीटरपट्टीने साधारण १ मिलिमीटरपर्यंत मोजता येते, म्हणजे ०.००१ मीटर, आणि स्लोप साधारण ४ आहे, तर लांबीतल्या या चुकीचा T² वर परिणाम ४ × ०.००१ = ०.००४ एवढाच. उभे बार ०.०५ ते ०.०८ आहेत, त्यांच्यापुढे हे काहीच नाही, ग्राफवर पेन्सिलच्या टोकाएवढं पण दिसणार नाही. म्हणून सोडून द्यायचे, पण "आडवे बार काढण्याएवढे मोठे नाहीत" असं एक वाक्य लिहून ठेवायचं. आडवे बारही मोठे असतील तर प्रत्येक बिंदूभोवती काडीऐवजी एक चौकोन धरायचा आणि रेष त्या चौकोनातून गेली पाहिजे, बाकी पद्धत तीच.

ग्राफ पेपरवर स्केल

स्केल घेताना एकच बघा, बार डोळ्याला नीट दिसले पाहिजेत. मी इथे आडव्या अक्षावर ०.३० ते १.०० घेतलं, १ सेंटिमीटर म्हणजे ०.०५ मीटर, आणि उभ्या अक्षावर १.२ ते ४.०, १ सेंटिमीटर म्हणजे ०.२ से². दोन्हीकडे १४-१४ सेंटिमीटर होतात, आणि सगळ्यात छोटा बार वर अडीच आणि खाली अडीच मिलिमीटर येतो, म्हणजे व्यवस्थित दिसतो. हौसेने शून्यापासून सुरू करून सगळे बिंदू कोपऱ्यात कोंबले की बार एक-दीड मिलिमीटरचे होतात आणि मग मॅक्स लाइन कोणती आणि बेस्ट फिट कोणती हे पट्टीच्या कडेच्या जाडीतच हरवतं. शून्य न दाखवल्याने इंटरसेप्ट थेट वाचता येत नाही हे खरं, पण तो दोन ओळींच्या गणिताने निघतो, पुढे बघूच.

पेन्सिल टोकदार हवी, आणि पट्टी पारदर्शक हवी. पारदर्शक पट्टी ही चैन नाही, स्टीलची पट्टी ठेवली की खालचे निम्मे बार झाकले जातात आणि रेष सगळ्यांना शिवतेय की नाही ते कळतच नाही.

बेस्ट फिट लाइन

ही आधी काढायची. सगळे बिंदू रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखे वाटले गेले पाहिजेत, पहिला आणि शेवटचा बिंदू जोडायचा नाही. इथे ०.४०, ०.६० आणि ०.९० चे बिंदू रेषेच्या किंचित खाली राहतात आणि ०.५०, ०.७०, ०.८० चे किंचित वर, म्हणजे चांगली वाटणी आहे.

स्लोप काढायला रेषेवरचे दोन बिंदू घ्यायचे, टेबलमधले नाहीत, आणि एकमेकांपासून जितके लांब मिळतील तितके लांब. ०.३५ आणि ०.९५ या उभ्या रेघांवर आपली रेष १.४१ आणि ३.८४ ला कापते, तर

स्लोप = (३.८४ − १.४१) / (०.९५ − ०.३५) = २.४३ / ०.६० = ४.०५ से²/मी

आता मॅक्स लाइन, आणि नेहमीची गफलत

बऱ्याच ठिकाणी असं शिकवलं जातं की पहिल्या बारचं खालचं टोक आणि शेवटच्या बारचं वरचं टोक जोडा, झाली मॅक्स लाइन. उलट केलं की मिन लाइन. करून बघू. पहिल्याचं खालचं टोक १.५४, शेवटच्याचं वरचं टोक ३.६९, मधलं अंतर ०.५०, स्लोप २.१५ / ०.५० = ४.३०. आता ही रेष मधल्या बारना शिवते का ते बघा. ०.५० मीटरला या रेषेची उंची १.५४ + ०.१० × ४.३० = १.९७. आणि ०.५० चा बार सुरू होतो १.९८ पासून. सुटला! रेष त्या बारच्या जरा खालून निघून गेली. म्हणजे आपण जर म्हणतोय की ०.५० ला खरी किंमत १.९८ ते २.१० मध्येच आहे, तर ४.३० स्लोपची रेष आपल्याच डेटाला मान्य नाही.

म्हणून टोकाला टोक ही फक्त सुरुवात समजायची, उत्तर नाही. खरी पद्धत अशी. पट्टी पहिल्या बारच्या खालच्या आणि शेवटच्या बारच्या वरच्या टोकावर ठेवा, मग एकेक मधला बार बघत जा. कुठला सुटतोय ते सापडलं की त्या सुटलेल्या बारच्या जवळच्या टोकावर पेन्सिलचं टोक रोवा, इथे ०.५० चं खालचं टोक म्हणजे १.९८, आणि आता पट्टी पहिल्या बारच्या टोकावरून सोडून या नव्या टोकाला टेकवा, दुसरं टोक ०.९० च्या ३.६९ वर तसंच राहू द्या. पट्टी किंचित आडवी होते. परत सगळे बार बघा: ०.४० ला रेष १.५५ वर येते, बार १.५४ ते १.६४, चालेल. ०.६० ला २.४१, चालेल. ०.७० ला २.८४ आणि ०.८० ला ३.२६, दोन्ही आत. आता कोणी सुटत नाही, आणि पट्टी आणखी उभी करायला गेलं तर एक तर ०.५० सुटतो नाही तर ०.९०. दोन बारनी दोन बाजूंनी पट्टी अडवली आहे. अशी दोन्हीकडून अडकलेली रेष मिळाली की ती खरी मॅक्स लाइन.

हिचा स्लोप पण दूरच्या दोन बिंदूंवरून: ०.३५ ला १.३४, ०.९५ ला ३.९०.

मॅक्स स्लोप = (३.९० − १.३४) / ०.६० = २.५६ / ०.६० = ४.२७

मिन लाइन

तसंच, उलट बाजूने. पहिल्याचं वरचं टोक १.६४ आणि शेवटच्याचं खालचं टोक ३.५३ जोडलं तर स्लोप ३.७८ येतो. तपासा: ०.७० ला ही रेष २.७७ वर आहे, बार २.७९ पासून सुरू. सुटला. ०.८० ला ३.१५, बार ३.१७ पासून. तोही सुटला. दोन बार सुटत असतील तर जास्त अडवणारा कोणता ते बघायचं, दोन्हींवर आळीपाळीने पट्टी टेकवून. ०.४० चं वरचं टोक आणि ०.८० चं खालचं टोक घेतलं तर ०.७० अजून केसाएवढा सुटतो. ०.४० चं वरचं टोक आणि ०.७० चं खालचं टोक घेतलं तर ०.८० ला रेष ३.१७ वर येते, म्हणजे बारला नुसती चाटून जाते, आणि ०.९० ला ३.५६, आरामात आत. ही आपली मिन लाइन. ०.३५ ला १.४५, ०.९५ ला ३.७५.

मिन स्लोप = (३.७५ − १.४५) / ०.६० = २.३० / ०.६० = ३.८३

आणि आता शेवटचं भागाकाराचं पाऊल:

Δस्लोप = (४.२७ − ३.८३) / २ = ०.२२

तर स्लोप = ४.०५ ± ०.२२ से²/मी. टोकाला टोक जोडून थांबलो असतो तर (४.३० − ३.७८)/२ = ०.२६ आलं असतं, म्हणजे उगाच जवळपास २० टक्के जास्त. या डेटात फरक एवढाच आहे, पण मधले बार जर छोटे आणि टोकाचे बार मोठे असतील तर फरक खूप जास्त पडतो.

केंब्रिजच्या परीक्षेत थोडी वेगळी रीत आहे, तिथे दोन्ही टोकाच्या रेषा काढायला लावत नाहीत, त्यातली एकच काढायची, तिला वर्स्ट ॲक्सेप्टेबल लाइन म्हणतात, आणि बेस्ट फिटचा स्लोप आणि तिचा स्लोप यांच्यातला फरक घ्यायचा, मोठ्यातून लहान वजा करून. आपल्या डेटात ४.२७ − ४.०५ = ०.२२, तेच. पण नेहमी तेच येईल असं नाही, कधी कधी बेस्ट फिट मॅक्सच्या जवळ असते आणि मिनपासून लांब, तेव्हा दोन पद्धतींची उत्तरं वेगळी येतात. तुमच्या कोर्सला जी रीत आहे ती धरा.

रेषा बरोबर आल्यात का याची एक झटपट खूण: मॅक्स आणि मिन लाइन एकमेकींना डेटाच्या मध्यावर कुठेतरी कापतात, इथे साधारण L = ०.६० ला. कात्रीसारखा फुलीचा आकार दिसला पाहिजे. त्या जर बिंदूंच्या बाहेर कुठेतरी कापत असतील किंवा कापतच नसतील तर काहीतरी चुकलंय. दुसरी जी चूक दिसते ती म्हणजे सगळी वरची टोकं जोडून एक रेष आणि सगळी खालची टोकं जोडून दुसरी. त्या दोन रेषा जवळपास समांतर निघतात, स्लोप दोघींचा जवळपास सारखा, आणि मग विद्यार्थी खूश होतो की माझी अनसर्टन्टी फक्त ०.०५ आली. ती रेष वर-खाली सरकवली, तिरकी केलीच नाही.

स्लोपवरून g

T² = (४π²/g) × L, म्हणजे स्लोप = ४π²/g, म्हणजे g = ४π²/स्लोप. ४π² म्हणजे ३९.४८.

g = ३९.४८ / ४.०५ = ९.७५ मी/से²

स्लोपची टक्केवारी अनसर्टन्टी ०.२२/४.०५ म्हणजे ५.४ टक्के. g हा स्लोपच्या उलट आहे पण घात एकच आहे, म्हणून g ला पण तेवढीच टक्केवारी, ९.७५ चे ५.४ टक्के म्हणजे ०.५३. सरळ टोकाचे स्लोप घालून पण बघता येतं: ३९.४८/४.२७ = ९.२५ आणि ३९.४८/३.८३ = १०.३१, फरकाचं अर्धं ०.५३. मॅक्स स्लोपने g कमी येतो आणि मिन स्लोपने जास्त, ते उलटसुलट लिहू नका. शेवटी लिहायचं

g = ९.७ ± ०.५ मी/से²

अनसर्टन्टी एका अंकात, आणि g चा शेवटचा अंक त्याच जागेचा. ९.७५ ± ०.५३ लिहिलं तर आभाळ कोसळत नाही, पण ९.७४८१ ± ०.५ असं काही दिसलं की तपासणाऱ्याचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

इंटरसेप्ट पण बघून घ्या, फुकट मिळतो

फॉर्म्युल्याप्रमाणे रेष शून्यातून गेली पाहिजे. आपल्या ग्राफवर शून्य नाही, तर c = y − स्लोप × x वापरायचं. बेस्ट फिटला १.४१ − ४.०५ × ०.३५ = साधारण −०.०१. मॅक्स लाइनला १.३४ − ४.२७ × ०.३५ = −०.१५, मिन लाइनला १.४५ − ३.८३ × ०.३५ = ०.११. म्हणजे इंटरसेप्ट −०.१५ पासून ०.११ पर्यंत कुठेही असू शकतो, शून्य त्याच्या आत आहे, तक्रार नाही.

हे का बघायचं? समजा कोणी लांबी बॉबच्या मध्यापर्यंत न मोजता फक्त धाग्याची मोजली, आणि बॉबची त्रिज्या १ सेंटिमीटर. मग प्रत्येक L ०.०१ मीटरने कमी लिहिला गेला, सगळे बिंदू तेवढेच डावीकडे सरकले, स्लोप तोच राहिला, फक्त इंटरसेप्ट ४.०५ × ०.०१ = ०.०४ ने वर गेला. g ला धक्का नाही, ग्राफ काढण्याचा हा एक मोठा फायदाच आहे, एकेका रीडिंगवरून g काढला असता तर ही चूक प्रत्येक उत्तरात शिरली असती. पण गंमत अशी की आपल्या ग्राफवर ही ०.०४ ची चूक दिसणारही नाही, कारण इंटरसेप्टचा पट्टाच −०.१५ ते ०.११ एवढा रुंद आहे. धाग्याची गाठ वगैरे धरून ५ सेंटिमीटरची चूक असती तर इंटरसेप्ट ०.२० ने वर सरकला असता, पट्टा ०.०५ ते ०.३१ झाला असता, शून्य बाहेर, आणि मग आपण म्हणू शकलो असतो की लांबीत काहीतरी गोम आहे.

एकही रेष सगळ्या बारना शिवत नसेल तर

हे बऱ्याचदा होतं आणि लोक इथे बार थोडे लांब करून टाकतात. असं करू नका, तो बार काय सांगतोय ते ऐका. तीन शक्यता असतात. एकच बिंदू पार बाहेर असेल तर मोजणीत घोळ आहे, उदाहरणार्थ ०.७० मीटरला १० ऐवजी ९ आंदोलनं मोजली तर वेळ १५.२ येतो, T² २.३१, आणि बार २.७९ ते २.९३ असायला हवा होता तिथे बिंदू कितीतरी खाली. "शून्य" म्हणून घड्याळ सुरू करायच्या ऐवजी "एक" म्हणून सुरू केलं की नेमकं हेच होतं. रीडिंग परत घ्या, घेता येत नसेल तर त्या बिंदूला गोल करा, का सोडला ते लिहा, आणि बाकीच्यांवरून रेषा काढा. दुसरी शक्यता, बिंदू दोन्हीकडे विखुरलेत पण सगळेच थोडेथोडे बाहेर, म्हणजे बार फार छोटे धरलेत, स्टॉपवॉचचं ०.०१ धरणाऱ्यांचं हेच होतं, रिपीट रीडिंगकडे परत जा. तिसरी, टोकाचे बिंदू एका बाजूला आणि मधले दुसऱ्या बाजूला, म्हणजे ती सरळ रेष नाहीच, वक्र आहे, T² च्या जागी चुकून T काढलाय का ते बघा.

एक बारीक मुद्दा. सगळ्या बारना शिवायचं ही अट तेव्हा बरोबर आहे जेव्हा बार म्हणजे पूर्ण पल्ला आहे, जसा आपण रीडिंगच्या टोकांवरून घेतला. बार जर स्टँडर्ड डेव्हिएशनवरून काढले असतील तर तीनातला एखादा बार रेषेपासून सुटणं हे अपेक्षितच आहे, तिथे ही पद्धत जशीच्या तशी लावायची नाही.

ही पद्धत काय सांगत नाही

समजा कोणी प्रत्येक वेळी लंबक ३० अंशापर्यंत ओढून सोडला. फॉर्म्युला छोट्या कोनासाठी आहे, ३० अंशाला T साधारण १.७ टक्के जास्त येतो, T² साडेतीन टक्के. सगळ्या लांब्यांना सारखाच कोन असेल तर सगळे बिंदू त्याच प्रमाणात वर जातात, रेष सुंदर सरळ राहते, शून्यातूनच जाते, बार पण सगळे शिवले जातात, आणि स्लोप गुपचूप साडेतीन टक्के जास्त. मॅक्स-मिन लाइन याबद्दल चकार शब्द काढणार नाही. १० अंशाच्या आत राहिलं तर T मधली चूक ०.२ टक्क्यांच्या आत राहते, मग चिंता नाही. तर ±०.२२ हा फक्त अंगठ्याच्या इकडेतिकडेचा हिशोब आहे, सगळीकडे एकाच बाजूला झुकलेल्या चुकांचा नाही.

दुसरी मर्यादा म्हणजे शेवटी दोनच बारवर सगळं ठरतं. आपल्या मॅक्स लाइनला ०.५० आणि ०.९० ने अडवलं, बाकी चार बिंदू नुसते साक्षीदार. त्या दोनातला एक बार जरा लांब-आखूड काढला की उत्तर हलतं.

एक्सेलमध्ये हाच डेटा घातला, L हे B2 ते B7 मध्ये आणि T² हे C2 ते C7 मध्ये, आणि

```
=LINEST(C2:C7,B2:B7,TRUE,TRUE)
```

टाकलं (जुन्या एक्सेलमध्ये आधी पाच ओळी दोन कॉलम सिलेक्ट करून Ctrl+Shift+Enter), तर पहिल्या ओळीत स्लोप ४.०५ येतो आणि त्याच्या बरोबर खाली स्टँडर्ड एरर, ०.०७. आपलं ०.२२ याच्या तिप्पट आहे, म्हणून कोणीतरी एक चूक असं नाही. एक्सेलने बार बघितलेच नाहीत, त्याने फक्त बिंदू रेषेभोवती किती विखुरलेत ते बघितलं, आणि तो नेहमीचा अपेक्षित फरक सांगतोय. मॅक्स-मिन लाइन मात्र असं धरते की टोकाकडचे बार एकाच वेळी नेमके उलट्या दिशेने, पूर्ण लांबीएवढे चुकलेत, जे प्रत्यक्षात क्वचितच होतं. म्हणून ती बाहेरची हद्द समजायची. रिपोर्टमध्ये कुठली पद्धत वापरली ते मात्र लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला ±०.२२ आणि ±०.०७ यांची तुलना करता येत नाही.

आणि हे ०.२२ कमी करायचं असेल तर ग्राफवर काही करून होत नाही, परत स्टँडपाशी जावं लागतं. १० ऐवजी २० आंदोलनं मोजली तर अंगठ्याची ०.२ सेकंदांची चूक तेवढीच राहते पण भागते वीसने, ΔT ०.०१ होतो, बार सगळे अर्धे होतात आणि मॅक्स-मिनमधला फरकही साधारण निम्म्यावर येतो. घड्याळ लंबक टोकाला असताना न दाबता मधून जाताना दाबा, मागे एक खुणेची काडी उभी करून, कारण टोकाला तो रेंगाळतो आणि नेमका कधी वळला ते कळत नाही, मध्यावर वेग सगळ्यात जास्त असतो. आणि स्टँड उंच असेल तर ०.४० ते ०.९० ऐवजी ०.२० ते १.०० एवढा पल्ला घ्या, बार तेवढेच राहून टोकं लांब गेली की पट्टीला तिरकं व्हायला जागाच कमी उरते.